एस्प्रेसो आंबट आणि पाणचट येतोय? आधी दळण, मग कपातले वजन, डोस सगळ्यात शेवटी

बास्केटमध्ये 18 ग्रॅम कॉफी आहे. बटण दाबल्यावर तिसऱ्या-चौथ्या सेकंदालाच धार लागते, बघता बघता ती फिकट पिवळी होते आणि सोळाव्या सेकंदाला कपात 36 ग्रॅम उतरलेले असतात. क्रेमा पातळ, अर्ध्या मिनिटात विरून जाणारा. पहिल्या घोटाला जिभेच्या कडा आकसतात आणि गिळल्यावर तोंडात काहीच उरत नाही. घरगुती मशीनवर सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच. या लेखात हाच शॉट घेऊन तो टप्प्याटप्प्याने दुरुस्त करू.

आधी एक खात्री करून घ्या. चांगल्या अरेबिकाला स्वतःचा आंबटपणा असतोच. पिकलेल्या संत्र्याची फोड आंबट असते, पण तिच्या मागोमाग गोडवा येतो. कॉफीतही आंबटामागे गोडवा येत असेल, तर तो त्या बियांचा गुण आहे आणि तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. नुसती खारटसर, तुरट आंबट चव येऊन तिथेच संपत असेल, तर पुढे वाचा.

आंबट आणि पातळ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत

बहुतेकांची गाडी इथेच चुकते. गरम पाणी कॉफीतून आधी आम्ल आणि क्षार ओढून घेते, त्यानंतर गोडवा देणारे घटक येतात आणि कडवट घटक सगळ्यात शेवटी. पाणी घाईत निघून गेले, तर आम्ल तेवढे कपात येते आणि बाकीचे बास्केटमध्येच राहते. म्हणजे आंबटपणाचा प्रश्न आहे उताऱ्याचा: टाकलेल्या कॉफीपैकी किती टक्के कपात विरघळून आली. एस्प्रेसोत हा उतारा साधारण 18 ते 22 टक्के असावा.

पातळपणाचा प्रश्न आहे दाटपणाचा: कपातल्या द्रवात विरघळलेली कॉफी किती टक्के आहे. एस्प्रेसोत ती 8 ते 12 टक्क्यांच्या आसपास असते.

वरच्या शॉटचा हिशोब मांडू. समजा कपातल्या 36 ग्रॅममध्ये 2.7 ग्रॅम कॉफी विरघळली आहे. दाटपणा झाला साडेसात टक्के, आणि 18 ग्रॅममधून 2.7 म्हणजे उतारा 15 टक्के. दोन्ही कमी, म्हणून दोन्ही तक्रारी एकदम.

आता तीन उपाय समोर आहेत. मशीन जास्त वेळ चालू ठेवून 45 ग्रॅम काढले, तर विरघळलेली कॉफी 3.1 ग्रॅमपर्यंत जाईल असे धरू. उतारा 17 टक्क्यांवर आला, आंबटपणा थोडा कमी झाला, पण दाटपणा सात टक्क्यांच्याही खाली घसरला. म्हणजे आणखी पाणचट. दुसरा उपाय डोस वाढवण्याचा. 20 ग्रॅम कॉफी टाकून तेवढेच 36 ग्रॅम काढले आणि त्यात 3 ग्रॅम विरघळले, तर दाटपणा सव्वाआठ टक्क्यांवर गेला, पण उतारा 15 टक्क्यांवरच अडकला. कॉफी दाट झाली, आंबट राहिलीच. तिसरा उपाय दळण बारीक करण्याचा. 18 ग्रॅममधून 36 ग्रॅम उतरायला आता जास्त वेळ लागतो, बारीक कणांचा जास्त पृष्ठभाग पाण्याला मिळतो आणि 3.6 ग्रॅम विरघळतात. दाटपणा 10 टक्के, उतारा 20 टक्के.

आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, घरी मोजायची गरज नाही. पण दोन्ही तक्रारी एकदम असतील तर दळणाला आधी हात का लावायचा, ते यातून कळते. इतर दोन उपाय एक तक्रार सोडवताना दुसरी वाढवतात किंवा जागच्या जागी ठेवतात. सेकंद तर आपण थेट ठरवतच नाही. दळण, डोस आणि कपातले वजन ठरवल्यावर जी वेळ येते ती येते. ती दिसते म्हणून तिच्या मागे लागू नका, तिच्यावरून अंदाज बांधा.

दळणाला हात लावण्याआधी

0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा हवाच. चमच्याने डोस आणि डोळ्यांनी कप मोजत असाल, तर पुढची एकही पायरी उपयोगाची नाही. क्रेमा फुगलेला असतो, त्यामुळे मिलिलिटरवर विसंबता येत नाही. कप काट्यावर ठेवून वजनच बघायचे.

मग बास्केट उलटी करून उजेडात धरा. तळाला शेकडो बारीक छिद्रे दिसली तर ती साधी बास्केट. बाहेरून एकच टाचणीएवढे छिद्र दिसत असेल तर ती दुहेरी तळाची, दाब स्वतः तयार करणारी बास्केट. तिच्यात दळण कसेही असले तरी फेस येतो आणि दळणातला छोटा बदल वेळेत नीट दिसत नाही. स्वस्त 51 मिलिमीटरच्या मशीनसोबत पुष्कळदा तीच येते. इथली पद्धत साध्या बास्केटसाठी आहे.

पाकिटावरची भाजणीची तारीख बघा. भाजल्यानंतर साधारण एक ते चार आठवड्यांतल्या बिया एस्प्रेसोसाठी चांगल्या. जुन्या बियांतला कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो, पाण्याला अडवणारे कमी राहते, त्यामुळे त्याच दळणावर शॉट पळतो आणि क्रेमा नाममात्र येतो. नागपुरात हा हिशोब एप्रिल-मेमध्ये आणखी आवळला जातो. बाहेर पारा 45 च्या घरात असताना ओट्यावर किंवा गॅसजवळच्या कपाटात ठेवलेल्या बिया झपाट्याने शिळ्या होतात. पाकीट घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. किलोभर घेतले असेल तर आठवड्याला पुरतील अशा घट्ट बंद पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाका, आणि बाहेर काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बियांवर पाणी धरते.

दळून आणलेल्या पावडरीवर हा लेख लागू होत नाही. फिल्टर कॉफीची चिकोरी घातलेली पावडर तर नाहीच. दळण बदलता येत नसेल तर हातातले मुख्य हत्यारच गेले.

शेवटचे म्हणजे मशीनची ऊब. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची सकाळ 10-12 अंशांवर असते आणि पोर्टाफिल्टरचा जड धातू रात्रभर गारठलेला असतो. मशीनचा दिवा 'तयार' म्हणत असला तरी पाणी कॉफीपर्यंत पोहोचेस्तोवर थंड होते आणि शॉट आंबट येतो. ओळखायची खूण सोपी आहे: पहिला शॉट आंबट, तेच दळण, तीच वेळ, आणि पाठोपाठचा दुसरा किंवा तिसरा शॉट बरा. असे होत असेल तर दळण बरोबर आहे. पोर्टाफिल्टर लावलेला ठेवून मशीन 15-20 मिनिटे तापू द्या. पटकन तापणाऱ्या छोट्या मशीनवर रिकाम्या पोर्टाफिल्टरमधून कपभर गरम पाणी सोडा, त्याच पाण्याने कपही गरम करा, आणि मगच पहिला शॉट लावा. तापमान बदलता येत असेल तर मध्यम भाजणीला 92-93 अंश सेल्सिअस, फिकट भाजणीला 94-95.

दळण बारीक करणे: एका शॉटची दुरुस्ती

समोर 58 मिलिमीटरची 18 ग्रॅमची साधी बास्केट, मध्यम भाजणीची चिकमगळूरची अरेबिका आणि खाचा असलेला ग्राइंडर आहे असे धरू. ग्राइंडर 14 व्या खाचेवर आहे, आकडा कमी होईल तसे दळण बारीक. डोस 18 ग्रॅम आणि कपातले वजन 36 ग्रॅम, हे दोन्ही आता हलवायचे नाहीत. वेळ पंप सुरू केल्यापासून मोजायची, पहिला थेंब पडल्यापासून नाही. मशीन आधी कमी दाबाने कॉफी भिजवत असेल तर ते सेकंदही त्यातच धरा.

14 व्या खाचेवर 16 सेकंद लागले. लक्ष्य 25 ते 30, म्हणजे अंतर मोठे आहे, तेव्हा दोन खाचा एकदम घ्या. ग्राइंडर बारकाईकडे नेताना मोटर चालू ठेवा. बंद असताना फिरवला तर दात्यांमध्ये अडकलेले दाणे दाबले जातात आणि यंत्रणेवर ताण येतो. हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये मात्र आधी रिकामा करून मग खाच बदला.

खाच बदलली की लगेच शॉट काढू नका. नळीत आणि दात्यांभोवती जुने जाड दळण अडकलेले असते. तीन-चार ग्रॅम दळून फेकून द्या. हे न केल्याने पुष्कळांना वाटते की खाच बदलून काहीच झाले नाही, म्हणून ते आणखी दोन खाचा पुढे जातात, आणि तिसऱ्या शॉटला मशीन तुंबते. चार ग्रॅम वाचवायला जाऊन छत्तीस ग्रॅम वाया.

12 व्या खाचेवर तेच 36 ग्रॅम 22 सेकंदांत आले. चाखताना आधी ढवळा, कारण शॉटचा दाट भाग कपात तळाशी बसतो आणि वरचा घोट फसवतो. दोन मिनिटे थंड होऊ द्या, कडक गरम असताना आंबट-गोड नीट कळत नाही. या शॉटला अंग आले आहे, पण आंबटपणा अजून टोचतो. म्हणून आणखी एकच खाच बारीक, पुन्हा तीन-चार ग्रॅम फेकून. 11 व्या खाचेवर 27 सेकंद लागले. धार आता सातव्या सेकंदाला सुरू होते, गडद तपकिरी आणि संथ असते, विसाव्या सेकंदानंतर हळूहळू फिकट होते. कपात गोडवा आहे, पातळपणा गेला आहे. फक्त गिळल्यावर लिंबासारखी एक बारीक धार उरते.

एका खाचेने किती सेकंद बदलतात हे ग्राइंडरगणिक वेगळे असते. इथे तीन ते पाच सेकंद दिसले, तुमच्याकडे दोन किंवा आठही असू शकतात. पहिल्या दोन बदलांतच तो आकडा कळतो, तो ग्राइंडरवर चिकटवून ठेवा.

मग कपातले वजन

उरलेली आंबट धार घालवायला आणखी बारीक दळायचा मोह होतो. 27 सेकंदांवर असाल तर थांबा. दाटपणा मिळालेला आहे, आता तो थोडा खर्च करायला हरकत नाही. दळण आणि डोस तसेच ठेवून कपात 36 ऐवजी 40 ग्रॅम येऊ द्या. वेळ 29-30 सेकंद होईल. जास्तीच्या चार ग्रॅममध्ये आम्ल जवळपास नसते, गोडवा आणि किंचित कडवटपणा असतो, त्याने चव सावरते. फिकट भाजणीच्या बियांना 18 ग्रॅमला 45 ग्रॅमपर्यंत जावे लागू शकते. गडद भाजणीत उलटे, 32-34 लाच थांबावे लागते.

दोन-दोन ग्रॅमनेच पुढे जा. कप पोकळ आणि जळका लागू लागला की दोन ग्रॅम मागे या. कप काट्यावर ठेवला असेल तर ठरलेल्या वजनाच्या दोन-तीन ग्रॅम आधीच बटण बंद करा, उरलेले थेंब तेवढे भरून काढतात.

डोसला हात कधी लावायचा

चव जुळली पण दुधात टाकल्यावर कॉफी हरवते, तेव्हा. बास्केटवर लिहिलेल्या आकड्याच्या एक ग्रॅम वर-खाली एवढीच तिची खरी मुभा असते. 18 च्या बास्केटमध्ये 19 पर्यंत जा, आणि कपातले वजनही त्याच प्रमाणात वाढवा, म्हणजे 40 चे साधारण 42. डोस वाढला की बास्केटमधली दाबलेल्या कॉफीची वडी जाड होते आणि वेळ दोन-तीन सेकंदांनी वाढते, म्हणून दळण किंचित जाड करावे लागेल.

वर जागा उरते का हे बघायला, दाबलेल्या कॉफीवर एक रुपयाचे धुतलेले कोरडे नाणे ठेवा, पोर्टाफिल्टर लावा, शॉट न काढता परत काढा. नाणे कॉफीत रुतलेले दिसले तर डोस जास्त आहे. पाणी आल्यावर कॉफीला फुगायला जागा मिळत नाही, वडी वरच्या जाळीला चिकटून फुटते, आणि फुटलेल्या जागेतून पाणी पळते.

उलट चूकही होते. 18 च्या बास्केटमध्ये 'कॉफी वाचवायला' 14 ग्रॅम टाकले की वडी इतकी पातळ होते की कितीही बारीक दळले तरी पाणी कडेने निसटते. कमी कॉफी प्यायची असेल तर 14 ग्रॅमचीच बास्केट घ्या.

सेकंद बरोबर, तरी आंबट

28 सेकंद लागले, 38 ग्रॅम आले आणि तरी कॉफी आंबट, शिवाय जिभेवर कोरडी कडू. आंबट आणि कडू एकाच कपात असणे ही पाण्याने वाट फोडल्याची खूण. वडीच्या एका भागातून पाणी धो-धो गेले, तिथली कॉफी कडवट होईपर्यंत निचरली, आणि बाकीची नीट भिजलीच नाही. सरासरी वेळ घड्याळात छान दिसते. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर वापरत असाल तर बारीक पिचकाऱ्या उडतात किंवा एका बाजूला धार लवकर पांढरी पडते. नसेल तर शॉटनंतर वडी बघा, एखादे टाचणीएवढे भोक किंवा कडेला चीर दिसते.

असे होत असेल तर दळण आणखी बारीक केल्याने हा दोष वाढतो. बारीक वडीत दाब जास्त, आणि जिथे किंचित पोकळी असेल तिथून पाणी जास्त जोरात फुटते. एक खाच जाड करा आणि कॉफी भरण्याची रीत सुधारा. 0.3-0.4 मिलिमीटरच्या तीन-चार सुया, ॲक्युपंक्चरच्या चालतात, बुचात खोचून घ्या आणि बास्केटमधली पावडर तळापर्यंत गोल-गोल ढवळा, गुठळ्या मोडेपर्यंत. मग पोर्टाफिल्टर ओट्यावर एकदा हलकेच आपटा आणि टॅम्पर अगदी आडवा धरून दाबा. किती किलोने दाबले याने फार फरक पडत नाही. वडी पूर्ण दबली आणि सपाट असली की झाले. तिरकी दाबली तर पाणी पातळ बाजूने जाणारच.

गुठळ्यांचे एक स्थानिक कारणही आहे. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत इथली हवा इतकी कोरडी असते की दळताना स्थिर विजेने पावडर ग्राइंडरच्या तोंडाला आणि भांड्याला चिकटते. 18 ग्रॅम बिया टाकल्या तर 17.2 बाहेर येतात, आणि त्यासुद्धा गोळे होऊन. दळण्याआधी बियांवर बोटाने पाण्याचा एक थेंब लावून चमच्याने हलवा. चिकटणे थांबते. मात्र दर वेळी सारखाच थेंब, कारण ओलाव्याने वेळही सरकते. डेझर्ट कूलर सुरू असलेल्या खोलीत ग्राइंडर ठेवला असेल, तर कूलर चालू आणि बंद यांत दोन-चार सेकंदांचा फरक दिसू शकतो. त्यासाठी ग्राइंडर दुसऱ्या खोलीत नेणे हे रोज खाच बदलण्यापेक्षा सोपे. पावसाळा लागला की एकदा नव्याने जुळवणी करावी लागते, ती टळत नाही.

वडी सपाट, धार एकसारखी, वेळ आणि तापमान ठीक, तरी आंबट धार जात नसेल तर पाणी बघा. पेंच आणि कन्हानचे नळाचे पाणी आपण बहुतेक घरी आरओतून काढतो, आणि काही आरओ त्यातले क्षार जवळपास संपवतात. पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्लता थोडी बोथट करते. ते नसेल तर तोच शॉट जास्त टोकदार लागतो. टीडीएस मोजणाऱ्या साध्या पेनावर आकडा 30 च्या खाली असेल, तर साध्या फिल्टरमधून गाळलेले नळाचे पाणी मिसळून तो 80 ते 120 च्या दरम्यान आणा आणि चाखा. बोअरचे पाणी मिसळू नका, त्यातल्या क्षारांचा थर मशीनमध्ये बसतो.

ग्राइंडरच पुरेसा बारीक दळत नसेल तर

कधी शेवटच्या खाचेवर येऊनही 18 सेकंदांतच 36 ग्रॅम उतरतात. ब्लेडने कापणारा मिक्सरसारखा ग्राइंडर असेल तर उत्तर तिथेच संपले, तो पूड आणि चुरा एकत्र देतो. दात्यांचा ग्राइंडर असेल तर आधी उघडून ब्रशने साफ करा. वरचा दाता अडकलेल्या पुडीमुळे पूर्ण बसलेला नसणे हे फार सामान्य कारण आहे. काही ग्राइंडरमध्ये आत आणखी एक समायोजन असते, वरच्या दात्याच्या धारकावर आकडे असतात, तो दोन-तीन घरे बारकाईकडे सरकवला की बाहेरच्या खाचांना पुन्हा वाव मिळतो. ते करताना रिकामा ग्राइंडर चालू करून ऐका. दाते एकमेकांना घासल्याचा चिरका आवाज आला की एक घर मागे या.

एवढे करूनही दळण जाडच राहत असेल, तर तो ग्राइंडर फिल्टर कॉफीसाठी बनलेला आहे. त्याच्यासोबत दुहेरी तळाची बास्केट वापरा, थोडी गडद भाजणी घ्या आणि 18 ग्रॅमला 32-34 ग्रॅमवर थांबा. फिकट भाजणीच्या बिया त्या जोडीत आंबटच लागतील.